तासाला तीनशे की अकराशे?

नोकरी सोडून स्वतंत्र काम सुरू करणारा जवळजवळ प्रत्येक माणूस पहिला हिशेब एकाच पद्धतीने करतो. महिन्याला हातात पडणारा पगार घ्यायचा, त्याला महिन्याच्या कामाच्या तासांनी भागायचं आणि येईल तो आकडा आपला दर म्हणून सांगायचा. पगार ६०,००० रुपये, महिन्याला पंचवीस दिवस, रोज आठ तास, म्हणजे दोनशे तास. तासाला ३०० रुपये. भागाकार बरोबर आहे. त्यात घातलेले दोन्ही आकडे मात्र चुकीचे आहेत, आणि ही चूक लक्षात यायला बहुतेकांना वर्ष लागतं, कारण पहिले काही महिने जुन्या बचतीवर निघतात.

हा हिशेब नीट मांडायला एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातली एक इंटिरिअर डिझायनर आहे. आर्किटेक्टच्या ऑफिसमधली नोकरी सोडून ती आता घरून काम करते. फ्लॅटचे आराखडे, फर्निचरची ड्रॉइंग्ज आणि खोली तयार झाल्यावर कशी दिसेल याची थ्री-डी चित्रं ती करून देते. काही कामं थेट घरमालकांची असतात, काही बिल्डर आणि आर्किटेक्टच्या फर्म्सची. नोकरीत हातात यायचे तेवढेच ६०,००० रुपये तिला घरात हवे आहेत. त्यासाठी तासाचा दर किमान किती असायला हवा?

सुरुवात भागाकाराच्या वरच्या आकड्यापासून करू. महिन्याचे ६०,००० म्हणजे वर्षाचे ७,२०,०००. पण हातात पडणारा पगार म्हणजे सगळा पगार नव्हे. तिची जुनी पगाराची स्लिप काढली तर बेसिक ३०,००० दिसतं. त्याच्या १२ टक्के, म्हणजे ३,६०० रुपये, दर महिन्याला तिच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधीत जात होते आणि तेवढेच मालक घालत होता. शिवाय ग्रॅच्युइटी. तिचा हिशेब नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन असा असतो आणि महिना सव्वीस दिवसांचा धरतात. ३०,००० बेसिकवर ती वर्षाला साधारण १७,३०० रुपये होते. निधीचे वर्षाचे ८६,४०० आणि हे १७,३०० मिळून लाखाच्या थोडं वर जातं. ही रक्कम तिने कधी हातात घेतली नव्हती, म्हणून नोकरी सुटल्यावर ती गेल्याचंही जाणवलं नाही. ऑफिसचा आरोग्य विमाही गेला, त्याजागी स्वतःच्या पॉलिसीचा हप्ता आला. तो वर्षाला २०,००० धरू. म्हणजे नोकरीत होती तितक्याच सुस्थितीत राहायला तिला ७,२०,००० नव्हे, ८,४०,००० रुपये लागतात.

यावर धंद्याचा खर्च. इथे नेहमी सुटतात त्या गोष्टी म्हणजे एकदाच घेतलेल्या वस्तू. थ्री-डी चित्रं काढायला दमदार ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप लागतो. तो १,२०,००० चा घेतला आणि चार वर्षं चालला तर वर्षाचे ३०,००० त्याच्या नावावर लिहावे लागतात. पैसे आधीच देऊन झालेत म्हणून ते सोडले, तर पाचव्या वर्षी नवा लॅपटॉप घरखर्चातून घ्यावा लागतो. ड्रॉइंग, मॉडेलिंग आणि रेंडरिंगच्या सॉफ्टवेअरचं वार्षिक भाडं ६०,००० धरू. इंटरनेट आणि फोन १८,०००, विजेचा वाढीव खर्च १२,०००, साइटवर जाण्यायेण्याचं पेट्रोल आणि रिक्षा ३६,०००, प्रिंट आणि लॅमिनेटचे नमुने १२,०००, सीएची फी १५,०००. स्वतंत्र व्यावसायिकाला महाराष्ट्रात व्यवसायकर भरावा लागतो, तो वर्षाला २,५००. यूपीएस, हार्ड डिस्क आणि किरकोळ दुरुस्त्या मिळून १४,५००. बेरीज बरोबर २,००,००० येते.

घरचे ८,४०,००० आणि धंद्याचे २,००,००० मिळून वरचा आकडा झाला १०,४०,०००. कराचा विचार अजून केलेला नाही, तो पुढे येईल. पण एवढ्यावरच वरचा आकडा मूळ ७,२०,००० च्या जवळपास दीडपट झाला. हे ऐकायला मोठं वाटतं, तरी खरा धक्का खालच्या आकड्यात आहे.

पहिल्या हिशेबात वर्षाचे २,४०० तास धरले होते. ते आधी कॅलेंडरवर मोजू. ३६५ दिवसांतून ५२ रविवार गेले, दुसरे आणि चौथे शनिवार मिळून २४ गेले, उरले २८९. गणपती, दसरा, दिवाळी, पाडवा वगैरे सणांचे १२ दिवस काढले. नोकरीत भरपगारी रजा मिळायची, आता त्या दिवशी कमाई शून्य. म्हणून घरची लग्नं, गावाला जाणं आणि सुट्टी यांसाठी १८ दिवस आणि आजारपणासाठी ७ दिवस बाजूला ठेवले. उरले २५२ दिवस. रोज आठ तास धरले तर २,०१६ तास होतात.

हे सगळे तास कामाचे आहेत. बिल मात्र सगळ्यांचं होत नाही.

सकाळी फोनवर नवा क्लायंट तासभर बोलतो, फ्लॅटचा प्लॅन पाठवतो आणि पुन्हा फोन करत नाही. दुसऱ्यासाठी एस्टिमेट बनवण्यात अख्खी दुपार जाते आणि काम तिसऱ्यालाच मिळतं. सुताराला मापं समजावणं, लॅमिनेटच्या दुकानात शेड शोधणं, हिंजवडीच्या साइटवर पोचायला ट्रॅफिकमध्ये अडकणं, बिल बनवणं, मग त्याच बिलासाठी तीनदा फोन करणं, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती शिकणं, केलेल्या कामाचे फोटो काढून लोकांना दाखवणं. यातलं काहीच टाळता येत नाही आणि यातल्या बहुतेक तासांचे पैसे कोणी देत नाही.

असे बिनपैशाचे तास किती, हे अंदाजाने सांगू नये. माणसाला मन लावून केलेलं काम लक्षात राहतं, किरकोळ कामात गेलेला वेळ राहत नाही. त्यामुळे अंदाज जवळजवळ नेहमी बिलाच्या तासांच्या बाजूने फुगतो. साधा उपाय म्हणजे चार आठवडे वहीत अर्ध्या अर्ध्या तासाची नोंद ठेवायची आणि प्रत्येक नोंदीपुढे एकच खूण करायची: या वेळेचं बिल होणार की नाही. आपल्या डिझायनरच्या वहीत ५५ टक्के वेळ बिलाचा निघाला असं धरू. २,०१६ च्या ५५ टक्के म्हणजे साधारण १,११० तास.

यातही वर्षभर सारखं काम असतं असं गृहीत धरलेलं आहे. प्रत्यक्षात तसं नसतं. घराच्या सजावटीची कामं दसरा-दिवाळी आणि गुढीपाडव्याच्या आधी एकदम अंगावर येतात, कारण लोकांना मुहूर्तावर राहायला जायचं असतं. पितृपक्षात नव्या घरात पाऊल टाकायला कोणी तयार नसतं. कधी बिल्डर ताबा पुढे ढकलतो आणि ठरलेलं काम दोन महिने नुसतं पडून राहतं. अशा रिकाम्या दिवसांसाठी तिने आणखी ११० तास वजा केले. हातात उरले १,००० तास.

आता भागाकार. १०,४०,००० भागिले १,०००, म्हणजे तासाला १,०४० रुपये.

एक कोपरा राहिला. केलेल्या कामाचे सगळे पैसे येतातच असं नाही. कोणी शेवटचा हप्ता बुडवतो, कोणी फर्निचर बसल्यावर रंग आवडला नाही म्हणून दहा हजार कापतो. बिलांपैकी पाच टक्के रक्कम कधीच येणार नाही असं धरलं तर १,०४० ला ०.९५ ने भागावं लागतं. उत्तर येतं १,०९५. तिने सोयीसाठी १,१०० धरले.

तीनशेचे अकराशे कसे झाले, हे उलगडून पाहिलं की हिशेबाचं मर्म कळतं. वरचा आकडा ७,२०,००० वरून १०,४०,००० झाला, म्हणजे १.४४ पट. खालचा २,४०० वरून १,००० वर आला, त्याने दर २.४ पट झाला. उरलेलं थोडं बुडीत बिलांनी वाढवलं. खर्च कमी करायला लोक सॉफ्टवेअरचा स्वस्त प्लॅन शोधत बसतात, पण दर ठरतो तो तासांनी. वर्षाचा खर्च अचानक ५०,००० नी वाढला तर तिचा किमान दर पन्नासएक रुपयांनी वर जातो. बिलाचे तास मात्र १,००० वरून ८०० झाले, तर तोच दर १,३७० च्या आसपास पोचतो.

आता कर. इथे दोन उलट्या चुका होतात. काहीजण कर विसरतात, तर काहीजण घाबरून सरसकट तीस टक्के वाढवतात. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के, १२ ते १६ लाखांच्या टप्प्यावर १५ टक्के, असा तो चढत जातो. मात्र करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर हा सगळा कर सवलतीत माफ होतो. आपल्या डिझायनरचं उत्पन्न खर्च वजा जाता साडेआठ लाखांच्या आसपास आहे. तिला कर शून्य. तिने तीस टक्क्यांच्या भीतीने दर वाढवला असता, तर कारण नसताना कामं हातची गेली असती.

तिला आणखी एक सोय आहे. व्यावसायिकांसाठी कलम ४४एडीए खाली ठरावीक पेशांना, वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल तर, जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते आणि मग खर्चाच्या पावत्या जपण्याची कटकट उरत नाही. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट यांच्यासोबत त्या यादीत इंटिरिअर डेकोरेशनही आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे सीएशी बोलताना क्रमांकापेक्षा या सोयीचं वर्णन सांगितलेलं बरं.

कर शून्य असला तरी टीडीएस कापला जातो, आणि तिथे नवखे लोक गडबडतात. बिल्डर किंवा आर्किटेक्टची फर्म व्यावसायिक फीवर, वर्षाला ५०,००० च्या वर गेल्यास, १० टक्के टीडीएस कापते. तिची निम्मी बिलं, म्हणजे साडेपाच लाख, अशा फर्म्सची असतील तर वर्षाला ५५,००० रुपये सरकारकडे जमा होतात आणि रिटर्न भरल्यावर परत येतात. हा खर्च नाही, म्हणून तो दरात मिळवायचा नाही. पण तोवर घरखर्च थांबत नाही, त्यामुळे तेवढी रक्कम सुरुवातीपासून बाजूला असावी लागते. थेट घरमालकांच्या लहान कामांवर सहसा हा टीडीएस कापला जात नाही.

उत्पन्न वाढलं की कराचा हिशेब मात्र अवघड होतो, कारण कर दरावर अवलंबून आणि दर करावर. समजा, एका अनुवादकाला घरात महिन्याला १,२०,००० हवे आहेत, म्हणजे वर्षाला १४,४०,०००. अनुवादक वरच्या यादीत बसत नाही, म्हणून तो प्रत्यक्ष नफ्यावर कर भरतो असं धरू. १४,४०,००० वर कर किती होतो ते त्याने पाहिलं. सेससह साधारण १,००,००० आला. ते मिळवून त्याने १५,४०,००० चं उद्दिष्ट ठेवलं. पण आता कर १५,४०,००० वर लागणार, आणि तो १,१५,४४० होतो. हातात उरतात १४,२४,५६०. पंधरा हजारांची तूट.

यावर बीजगणित नको, दोन-तीन वेळा अंदाज घेऊन पाहिलं की पुरतं. १५,६०,००० धरले तर १२ लाखांपर्यंतच्या टप्प्यांचे ६०,००० आणि पुढच्या ३,६०,००० वर १५ टक्क्यांनी ५४,०००, असा कर होतो १,१४,०००. त्यावर ४ टक्के सेस लावून १,१८,५६०. उरतात १४,४१,४४०. हा आकडा बसला. या १५,६०,००० मध्ये धंद्याचा खर्च मिळवायचा आणि मग बिलाच्या तासांनी भागायचं. कराची ही पायरी नेहमी भागाकाराच्या आधी येते.

जीएसटी या हिशेबात बसत नाही, तो वेगळा ठेवावा. महाराष्ट्रात सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही. ती मर्यादा ओलांडली की बिलावर १८ टक्के वेगळे लावायचे असतात. नोंदणीकृत फर्मला बहुधा ते परत वळते करून घेता येतात, घरमालकाला येत नाहीत, त्याच्यासाठी ती सरळ भाववाढ असते. म्हणून ‘सगळं धरून ११००’ असा दर सांगायची सवय असेल, तर नोंदणी झाल्यावर त्यातले १६८ रुपये सरकारचे होतात आणि हातात ९३२ पडतात.

इंटिरिअरच्या धंद्यात तासाचा दर क्लायंटला क्वचितच सांगितला जातो. तिथे चौरस फुटाचा भाव चालतो, नाहीतर एकरकमी फी. मग या १,१०० चा उपयोग काय? तो कोटेशन तपासायला. एका स्वयंपाकघराची ड्रॉइंग्ज आणि दोन थ्री-डी चित्रं यांची तिने १२,००० फी सांगितली. तिच्या अंदाजाने दहा तासांचं काम, म्हणजे तासाला १,२००. ठीक. पण क्लायंटने ओट्याची जागा बदलली, मग फ्रिजची, मग सासूबाईंच्या सांगण्यावरून पुन्हा ओट्याची. काम सोळा तासांवर गेलं आणि दर ७५० वर आला. फी बुडाली नाही, क्लायंट खूश झाला, तरी या कामात तिने तासाला ३५० रुपये पदरचे घातले. वहीत तास नोंदलेले नसते तर हे तिला कळलंच नसतं. म्हणून पुढच्या कोटेशनमध्ये एक ओळ वाढली: दोनदा केलेले बदल फीमध्ये, त्यापुढचे तासाच्या दराने.

इथे एक काळजी घ्यावी लागते. कोणता तास कुठे मोजला, हे एकदा ठरवून त्याला चिकटून राहायला हवं. साइटवर जाण्याचे पैसे वेगळे लावत असाल तर तो वेळ बिलाच्या तासांत येतो, बिनपैशाच्या वेळेत पुन्हा धरायचा नाही, आणि क्लायंट पेट्रोलचे पैसे देत असेल तर ते खर्चातूनही काढायचे. एकच गोष्ट दोन्हीकडे धरली की दर विनाकारण फुगतो. दोन्हीकडून सुटली की तो पडतो, आणि मग वर्षअखेरीला पैसा कुठे गेला ते सापडत नाही.

दर बरोबर बसला आहे का, हे दर तीन महिन्यांनी दोन आकड्यांवरून कळतं. एक, खात्यात प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम. दुसरा, वहीतले बिलाचे तास. तीन महिन्यांत २५० च्या आसपास तास आणि २,६०,००० च्या आसपास जमा असेल तर हिशेब चालला आहे. तास भरले आणि पैसे कमी आले, तर दोष फीमध्ये किंवा वसुलीत आहे. पैसे पुरेसे आले पण तास ३२० झाले, तर ती सुट्ट्या खाऊन जगते आहे. तास मुळातच कमी असतील तर दर वाढवून काही होणार नाही, कामच कमी आहे.

आणि बाजारात कोणी १,१०० द्यायला तयार नसेल तर? हा हिशेब फक्त खालची मर्यादा सांगतो, लोक काय देतील ते सांगत नाही. पण तोच हिशेब उलटा वाचता येतो. बुडीत बिलं धरून तिला वर्षाला साधारण १०,९५,००० ची बिलं करावी लागतात. बाजारभाव ८०० असेल तर त्यासाठी १,३७० तास हवेत, म्हणजे तिच्या २,०१६ तासांपैकी ६८ टक्के. नवे क्लायंट शोधत फिरणाऱ्याला हे जमणं कठीण. एखाद्या आर्किटेक्टच्या फर्मने दरमहा ठरावीक ड्रॉइंग्ज द्यायचं कबूल केलं तर मात्र शक्य आहे, कारण एस्टिमेट, वाटाघाटी आणि वसुली यांत जाणारा वेळ तिथे वाचतो. अशा फर्मला घरमालकांपेक्षा कमी दर दिला तरी तो तोट्याचा ठरेलच असं नाही. किती कमी द्यायचा, हे त्या फर्मच्या कामात बिलाच्या दर तासामागे किती बिनपैशाचा वेळ जातो यावर ठरतं, आणि ते पाहायला वहीत क्लायंटच्या नावाचा आणखी एक रकाना लागतो.